फक्त स्टॉलवर येणाऱ्यांसाठी

पत्रकं वाटून वाटून माझ्या बोटांना गुलाबी रंग लागला होता आणि तो आठवडाभर साबणानं जाईना. लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तरी चांगला कागद मिळत नव्हता. छापखानेवाल्यानं दिला तो पातळ, कच्च्या रंगाचा, हाताला घाम आला की लगेच उतरणारा. त्या रंगाचा मला अजून राग आहे.

मी तेव्हा सांगलीतल्या एका छोट्या लोखंडी कारखान्यात नोकरीला होतो. मोटेची चाकं, नांगराचे फाळ, उसाच्या चरकाचे सुटे भाग असा माल तिथे व्हायचा. त्यातलं मला काहीच येत नव्हतं. मालकाची पत्रं लिहायची, पत्रकं तयार करायची, ती गावोगाव वाटायची आणि प्रदर्शन भरलं की स्टॉलवर उभं राहून बोलायचं, एवढं माझं काम. त्याआधी एक वर्ष मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून कारखान्यात सगळे मला मास्तर म्हणत. शाळेतली नोकरी सोडून हे पत्करलं याचा पश्चात्ताप मला रोज सकाळी व्हायचा आणि पगाराच्या दिवशी तेवढा नाहीसा व्हायचा.

कारखान्यानं आदल्या वर्षी एक नवीन वस्तू काढली होती, कडबा कापायचं यंत्र. एक मोठं चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली दोन पाती आणि समोर लाकडी पन्हळ. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पन्हळीतून पेंढी पुढे सारायची. ज्वारीच्या कडब्याचे बोटभर तुकडे भराभर खाली पडतात, जनावरं ते बुडख्यासकट खातात आणि वैरण वाया जात नाही. साताऱ्याच्या प्रदर्शनात आम्ही अशी अकरा यंत्रं विकली. लोकांनी रोख दिलं, यंत्र बैलगाडीत टाकलं आणि निघून गेले. कोणाचं नाव-गाव लिहून ठेवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. लिहून ठेवायचं काम अर्थात माझं होतं.

पुढच्या पावसाळ्यात कारखान्यातच यंत्र चालवून बघताना आमच्या मिस्त्रीच्या डाव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली. हे यंत्र त्यांनीच उभं केलं होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, तासगावकडचा. दवाखान्यातून परत आल्यावर ते त्या यंत्रासमोर बसून राहिले. मग दोन दिवसांत त्यांनी पन्हळीच्या तोंडावर बसणारा पत्र्याचा एक टोप तयार केला. वीतभर लांब. त्यातून कडबा आत जातो, पण मूठ अडते. चार स्क्रू पिळले की बसला.

मालकांना टोप आवडला. पुढच्या सगळ्या यंत्रांवर बसवा म्हणाले. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आन् त्या अकरांचं काय?"

"त्यांचं काय?"

"त्येंच्या घरात बायाच पेंढी सारत असनार. आपन टोप पाठवून द्यू. मी करतो अकरा."

"पाठवणार कुठं? पत्ता आहे?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"मग पत्रकात छापा. ज्येनी ज्येनी यंत्र घेतलं त्येनी टोप न्यावा म्हनून."

हे मात्र मालकांना पटेना. "आपल्या मालाला आपणच नावं ठेवायची? लोक म्हणतील, ह्यांचं यंत्र बोटं खातं. नवीन एक जाणार नाही." मालक वाईट माणूस नव्हते. भित्रे होते, आणि धंद्यात भित्रेपणाला शहाणपण म्हणतात.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. दुपारी भाकरी खाताना मला म्हणाले, "मास्तर, पाती वरसाभरात बोथट हुत्यात. आपल्याकडं आनल्याबिगार सरळ धार लागत न्हाई, गावच्या लोहाराला त्यो बाक जमत न्हाई. पत्रकात लिवा, पाती घिऊन या, धार फुकट. मालक न्हाई म्हननार न्हाईत. पाती घिऊन आला की त्योच आपला मानूस. मी धार लावतो आन् टोप हातात ठेवतो. कसा बसवायचा त्ये सांगतो."

मला ती युक्ती इतकी आवडली की मी अर्धी भाकरी तशीच ठेवून लिहायला बसलो. त्या पत्रकाचा मजकूर मला अजून पाठ आहे. शेतकरी बंधूंनो, कडबा कापण्याचे सुधारलेले यंत्र पाहण्यास अवश्य या. सातारा येथील शेतकी प्रदर्शन, जनावरांच्या बाजाराच्या पलीकडे, पिंपळाच्या पारासमोर, डाव्या हाताचा तिसरा मंडप. प्रयोग रोज सकाळी दहा वाजता व दुपारी चार वाजता. हे पत्रक व आमच्या जुन्या यंत्राची पाती घेऊन येणाऱ्यास धार फुकट लावून मिळेल. ही सवलत फक्त स्टॉलवर येणाऱ्यांसाठी, प्रदर्शनाच्या तीन दिवसांपुरतीच. मालकांनी वाचलं, मान डोलावली आणि 'अवश्य' खोडून 'सहकुटुंब' घातलं.

मग माझे पाय सुरू झाले. कुंडलपासून वाईपर्यंत मी पंधरा दिवसांत किती फिरलो ते आता सांगता येणार नाही. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी, चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. जिथे मोटार नाही तिथे बैलगाडी, गाडी नसेल तिथे चालत. गावात गेलं की चावडीवर पाटलाला किंवा शाळेतल्या गुरुजींना भेटायचं, ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचे, पाच-पंचवीस माणसं ऐकायची. कोणीतरी हमखास विचारायचं, "दहा म्हंजी नवा टाइम का जुना?" लढाईत सरकारनं घड्याळं तासभर पुढे नेली होती, ती कधीच परत मागे आणलेली, तरी लोकांचा विश्वास बसत नव्हता. मी प्रत्येक गावात सांगायचो, आता एकच टाइम आहे हो. शेवटी शेवटी तर मोटारीत झोपेतही तेच पुटपुटत होतो म्हणे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. वाचून दाखवलेलं पत्रक माणसं सगळं ऐकत नाहीत. जागा ऐकतात, दिवस ऐकतात आणि फुकट काय मिळतंय ते ऐकतात. 'आमच्या जुन्या यंत्राची पाती' हे चार शब्द चावडीच्या पायऱ्या उतरेपर्यंत गळून पडले. गावोगाव पोचलं ते एवढंच: साताऱ्याला पाराम्होरं फुकट धार लावत्यात.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता मंडपासमोर रांग होती. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाडी. एका बाईनं विळी आणली होती, तिच्या लाकडी पाटासकट. वाईच्या एका न्हाव्यानं चार वस्तरे आणले आणि वर मला म्हणाला, "जरा जपून हो, कामाची हत्यारं हायती." मी पत्रक काढून दाखवायला लागलो, की यात स्पष्ट लिहिलंय. वाचायला कोणाला येत होतं! एक म्हातारा म्हणाला, "आवं, इतक्या लांबनं आलुया, आता खुरप्याला काय न्हाई म्हंता?" मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "लावतो मी धार. माघारी धाडलं तर ओरडा हुईल, आन् पाती घिऊन येनाराबी रस्त्यातनंच फिरंल."

मग ते धारेच्या चाकापुढे बसले ते बसलेच. दहाच्या प्रयोगाला उठले, यंत्र चालवून दाखवलं, पुन्हा बसले. प्रयोग मात्र झकास झाला. मिस्त्रींनी आपली तुटकी बोटं लोकांना दाखवली, मग तोच हात टोपाच्या आत सारून दाखवला आणि चाक फिरवायला लावलं. बघणारे मागे सरकले. हात टोपात अडून राहिला, कडबा तेवढा कापून पडला. मालक बाजूला उभे राहून कौतुकानं बघत होते, आणि टेबलाखाली गवतात गुंडाळून ठेवलेले अकरा टोप त्यांना ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी पाती घेऊन सहाजण आले. ते बरोबर ओळखू येत. पातं लांब, बाकदार, धडप्यात गुंडाळलेलं, आणि बोल्ट वेगळ्या गाठीत. मिस्त्री धार लावत, टोप काढून देत आणि हळू आवाजात समजावत. प्रत्येक वेळी एक बोट मिटत. संध्याकाळी मला म्हणाले, "सा झालं. पाच ऱ्हायलं." दिवसभर चाकाची भुकटी उडून त्यांचे डोळे लाल झाले होते, तरी चेहरा खूश होता. मी मात्र चिडलेला होतो. दिवसभर तोच तो प्रश्न, तेच उत्तर, तीच जागा, तोच टाइम. माणसं आली नाहीत तर नोकरी जाईल म्हणून बोलवायची, आणि आली की नकोशी व्हायची, असं माझं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोघं आले. दुपारी बाराच्या सुमाराला मिस्त्रींचा डोळा इतका सुजला की उघडेना. मीच त्यांना म्हटलं, गाडीखाली सावलीत तासभर पडा, चारच्या प्रयोगाला उठवतो. ते गेले. ऊन कडक होतं. मी टेबलावर कोपरं टेकून बसलो. जो येई त्याला सांगत होतो, मिस्त्री नाहीत, चार वाजता या. समोरच्याच्या हातात काय आहे ते बघायचंही मी सोडून दिलं होतं.

त्यात एकजण आला. चाळिशीचा, अंगावर खाकी कोट, लष्करातून सुटून आलेल्यांकडे असायचा तसला. खांद्यावर पोतं. पोतं त्यानं टेबलावर ठेवलं, आत लोखंड वाजलं.

"धार लावायची हुती."

"चार वाजता या."

"उंब्रजवरनं आलुया. माजी मोटार तीनला हाय. कोळशाची हाय, उशीर झाला तर ती आज पोचत न्हाई."

"मग उद्या या."

"उद्या कसं जमंल, साहेब? रानात पानी हाय."

मी त्याच्याकडे बघितलं, पोत्याकडे नाही. "अहो, पत्रकात छापलंय ना, चार वाजता," मी म्हणालो. खरं तर चारला प्रयोग छापला होता, धारेला वेळच नव्हता. पण सकाळपासून शंभर माणसांना जे सांगितलं तेच तोंडातून आलं.  त्यानं पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि तो गेला. टेबलावरून पोतं सरकलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यातली गाठ टेबलाच्या कडेला लागून टणटणली. बोल्टांची गाठ. ते मी ऐकलं. ऐकूनही मी उठलो नाही. टोप माझ्या पायाशी होते, हात खाली घातला असता तर हाताला लागले असते. मिस्त्रींची झोप मोडायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की मला त्या घटकेला आणखी एका माणसाशी बोलायचं नव्हतं. एवढंच.

तिसऱ्या दिवशी दोघं आले. प्रदर्शन उठलं. मिस्त्रींनी टेबलाखालून उरलेला एक टोप काढला, त्यावरचं गवत झटकलं. "धा झालं. एकजन कुटं ऱ्हायला?"

मी पत्रकांचा उरलेला गठ्ठा बांधत होतो. वर न बघता म्हणालो, "उंब्रजकडचा असावा. कोणीतरी बोलत होतं."

एवढंच बोललो. त्याहून जास्त बोलायला मला तेव्हा लाज वाटली, आणि वाटलं, टोप पोचल्याशी कारण. उद्या वाटेवर उंब्रज आहेच. टोप देऊन टाकू, कोणाला काही कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं लॉरीत चढवून आम्ही निघालो. मालक आदल्या संध्याकाळीच पुढे गेले होते. उंब्रजला चहाच्या दुकानापाशी लॉरी थांबवली आणि मिस्त्रींनी विचारलं, गेल्या साली कडबा कापायचं यंत्र कुणी आणलं गड्यांनो? दुकानदारानं लगेच सांगितलं. गावाबाहेर मैलभरावर वस्ती, गोठ्याच्या पडवीत यंत्र उभं दिसंल, पलटनीतनं आलेला हाय त्यो. मिस्त्रींनी टोप काखेत मारला, हत्यारांची पिशवी घेतली. मी मागून चाललो. वाटेत ते नव्या यंत्राला दोन पाती पुरतात का तीन बसवावीत, असलं काहीतरी बोलत होते. अकराच्या अकरा झाले म्हणून ते आनंदात होते.

घरधनी रानात गेला होता. दारात एक म्हातारी बसली होती, त्याची आई. आम्ही कोण, कुठून आलो ते मिस्त्रींनी सांगितलं. म्हातारीनं आत हाक मारली, "अगं, पानी आन." सून बाहेर आली. तिनं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढे केला.

"डाव्या हातानं दिती म्हनून राग मानू नगा," म्हातारी म्हणाली.

उजव्या हाताला मनगटापर्यंत धडपा गुंडाळलेला होता. हळद लावलेली, ती कापडातून बाहेर आली होती. मिस्त्रींनी तांब्या घेतला नाही. त्यांनी आपला डावा हात धोतरामागे नेला, हे मी बघितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी," सून म्हणाली. "पाती बोथट झाल्यात. पेंढी फुडं सरना, म्हनून जोर लावला. दोन बोटं."

मिस्त्री गोठ्याकडे वळले. पडवीत यंत्र होतं. त्यांनी पाती सोडवली, मांडीवर घेतली आणि कानशीनं, मग दगडानं धार लावायला बसले. चाक लॉरीत राहिलं होतं. दोन्ही पात्यांना घटकाभर वेळ लागला असेल. मला तिथे थांबवेना आणि तिथून हलताही येईना. मग त्यांनी पाती चढवली, टोप पन्हळीवर बसवला, चार स्क्रू पिळले आणि मला म्हणाले, "मास्तर, चाक फिरवा." मी फिरवलं.

सून जवळ येऊन बघत होती. तिनं डाव्या हातात मूठभर कडबा घेतला आणि पन्हळीत सारला. कडबा सरसर कापून पडला. तिचा हात टोपाला जाऊन अडला. तिनं पुन्हा सारला, मुद्दाम जोर लावून. पुन्हा अडला. तिनं हात मागे घेतला आणि टोपाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"परवा आमचं घरधनी तितं आलं हुतं," ती म्हणाली, "तवा हा टोप तितं हुता व्हय?"

"त्ये आलंच न्हाईत, पोरी," मिस्त्री म्हणाले. "आलं असतं तर मी दिला असता."

"आलं हुतं की. पाती पोत्यात घालून गेलं हुतं. तुमच्यातल्या कुनीतरी म्हनलं, चार वाजता या. मोटार तीनला हुती."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा एक डोळा अजून सुजलेला होता. तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण पुढचा प्रश्न तिनं मलाच विचारला. आवाजात राग नव्हता. ठाऊक करून घ्यायचं होतं, तेवढंच.

"हुता का तवा तितं?"

चाक अजून थोडं फिरत होतं. मी ते हातानं थांबवलं.

"होता," मी म्हणालो. "टेबलाखाली होता."